एका स्क्रिप्टची तीन कामं केली त्याची गोष्ट

माझी पहिली स्क्रिप्ट एकाच फाईलमध्ये होती. रोज सकाळी 9:20 ला ती एनएसईवरच्या 30 शेअर्सचे भाव आणायची, 20 आणि 50 दिवसांच्या सरासरीची तुलना करायची आणि सरासरी ओलांडली गेली असेल तर तिथल्या तिथे ऑर्डर टाकायची. एका सकाळी अठराव्या शेअरला नेट तुटलं आणि स्क्रिप्ट बंद पडली. मी घाईघाईने ती पुन्हा चालवली. ती पहिल्या शेअरपासून सुरू झाली आणि आधीच घेतलेले दोन शेअर दुसऱ्यांदा घेतले गेले. आपण काय केलं हे तिने कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं.

त्या शनिवारी मी कामं वेगळी केली. बाजार 3:30 ला बंद होतो, म्हणून भाव आणायचं काम 3:45 ला, सिग्नल काढायचं 4:00 ला आणि ऑर्डर दुसऱ्या दिवशी सकाळी 9:20 ला. तिन्ही कामं क्रॉनमधून चालतात आणि एकमेकांना थेट हाक मारत नाहीत. जे बोलायचं ते एकाच एसक्यूलाइट डेटाबेसमधून. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे, त्यामुळे क्रॉनमध्ये 9:20 च्या जागी 3:50 लिहावं लागतं.

पहिल्याच आठवड्यात दोन चुका सापडल्या. पहिली, `database is locked`. भाव आणणारं काम ट्रॅन्झॅक्शन उघडून एकेका शेअरसाठी नेटवर जात होतं. तेवढा सगळा वेळ डेटाबेस अडून राहायचा आणि 4:00 ला सिग्नलचं काम दारातच थांबायचं. आता सगळे भाव आधी मेमरीत आणतो आणि मग एका छोट्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये लिहितो. शिवाय `PRAGMA journal_mode=WAL` लावलं. त्यामुळे एक जण लिहीत असताना बाकीच्यांना वाचता येतं. लिहिणारा मात्र एका वेळी एकच, आणि तिन्ही कामं एकाच मशीनवर असायला हवीत.

दुसरी चूक गुपचूप घडणारी होती. एके दिवशी 30 पैकी 27 शेअर्सचेच भाव आले. सिग्नलच्या कामाने तक्रार न करता उरलेल्या तिघांचा हिशोब आदल्या दिवसाच्या भावावर केला. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. सिग्नलच्या ओळीत शेवटच्या भावाची तारीख मी नशिबाने लिहून ठेवत होतो, म्हणून ते दिसलं. त्यानंतर 4:00 वाजलेत यावर विसंबणं सोडलं. भाव आणणारं काम शेवटी एक ओळ लिहितं: तारीख, अपेक्षित 30, आले किती. ते दोन आकडे जुळले नाहीत तर सिग्नलचं काम काहीच न करता बाहेर पडतं आणि दर 15 मिनिटांनी पुन्हा बघतं.

सगळ्यात जास्त विचार ऑर्डरच्या कामावर करावा लागला. शेअर, व्यवहाराची तारीख आणि खरेदी-विक्री या तिन्हींवर मिळून `UNIQUE` घातलं, म्हणजे तोच सिग्नल दोनदा नोंदलाच जात नाही. व्यवहाराची तारीख सुट्ट्यांची यादी बघून ठरते आणि ऑर्डरचं काम फक्त आजच्या तारखेच्या ओळी उचलतं. नाहीतर एखाद्या सकाळी सर्व्हर बंद राहिला, तर शिळा सिग्नल दुसऱ्या दिवशी बाजारात जाईल.

ब्रोकरला हाक मारण्याआधी हे चालतं:

```sql
UPDATE signals SET status='sending'
WHERE id=? AND status='new';
```

एक ओळ बदलली तरच पुढे जायचं, आणि ऑर्डर पाठवण्याआधी कमिट करायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. उत्तर आलं की `sent`. उत्तर आलंच नाही, टाइमआउट झाला, तर ओळ `sending` वरच राहते. टाइमआउटचा अर्थ ऑर्डर गेली नाही असा नसतो. ती पोचलेली असू शकते आणि फक्त पोचपावती हरवलेली असू शकते. म्हणून अशी ओळ कोणतंही काम आपणहून परत पाठवत नाही. प्रत्येक ऑर्डरसोबत मी सिग्नलचा `id` टॅग म्हणून पाठवतो. पुढच्या फेरीत दिवसाची ऑर्डर बुक मागवून तोच टॅग शोधला जातो. सापडला तर ओळ `sent` होते, नाही सापडला तर मला मेसेज येतो आणि मी स्वतः बघतो. ऑर्डर उशिरा बुकात दिसू शकते, म्हणून हा निर्णय मी मशीनवर सोडलेला नाही.

महिन्याभराने पुन्हा तसाच टाइमआउट झाला. 9:20 ची ओळ `sending` वर अडकली, 9:25 च्या फेरीत ऑर्डर बुकात टॅग सापडला आणि ती `sent` झाली. शेअर एकदाच घेतला गेला होता.