भ्रामरीचा आवाज खाल्ला कुणी?

विश्रामबागेत एका बंगल्याच्या गच्चीवरच्या हॉलमध्ये मॅडम योगवर्ग घेतात. वर्गात त्यांचा आवाज ऐकत राहावा असा. पण समोर मोबाइल उभा केला की त्याच मॅडम पोलीस ठाण्यात जबाब द्यायला बसल्यासारख्या होतात. सांगलीतल्या छोट्या व्यावसायिकांचं इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप मी सांभाळतो. व्हिडिओसाठी मी बराच पाठपुरावा केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, कॅमेरा लावलास की माझाच श्वास अडकतो. लोकांना काय शिकवू?" मग ठरलं, चेहरा नको, नुसता आवाज.

सुरुवात भ्रामरीपासून, म्हणजे मिटल्या ओठांनी भुंग्यासारखं गुंजन करायच्या प्राणायामापासून करायची, हा त्यांचाच आग्रह. ती डोळे मिटूनच करतात, त्यामुळे बघण्यासारखं काही नसतं. आसनाचं तसं नाही. ऐकणारी बाई गुडघ्यात वाकतेय की कमरेत, हे क्लिपमधून कळणार कसं? शीर्षासन आणि कपालभाती आवाजावर शिकवायची नाही, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं.

एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद करून आम्ही बसलो. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच व्हॉइस नोट केली. "ओठ मिटा, दात एकमेकांना लावू नका, नाकातून श्वास घ्या..." इथवर शब्द न् शब्द स्वच्छ. मग गुंजन सुरू झालं, क्षणभर वाजलं आणि कुणीतरी बटण फिरवावं तसं खाली खाली गेलं. पुढचं वाक्य आलं तेव्हा आवाज पुन्हा जागेवर. मॅडमना वाटलं, आपलाच श्वास कमी पडला. पुन्हा केलं, तरी तेच.

मला शंका आली ती फोनची. बोलण्याचा आवाज सतत चढतो-उतरतो. पंखा, पाण्याची मोटर यांचा एकसुरी चालतो. गोंगाट कमी करणारी फोनमधली यंत्रणा एकसुरी आवाज ओळखून दाबते. मिटल्या ओठांनी एकाच सुरात केलेलं गुंजन तिच्या हिशेबी पंखाच. म्हणजे भ्रामरी जितकी स्थिर, तितकी ती पुसली जाणार! खात्री करायला मी त्यांना सूर मुद्दाम हलवायला सांगितला. तो आवाज बऱ्यापैकी टिकला. पण मॅडमचा चेहरा बघवेना. "असली डुगडुगणारी भ्रामरी मी वर्गात चालवून घेत नाही," म्हणाल्या.

मग साधं रेकॉर्डर अ‍ॅप काढलं आणि सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची सफाई बंद केली. गाद्या रचलेल्या खोलीत गेलो, तिथं घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरला, कारण समोर धरला की 'प' आणि 'भ'ची हवा थेट माइकवर आदळते. हेडफोनवर ऐकलं तर गुंजन शेवटपर्यंत भरीव. तीच क्लिप फोनच्या स्पीकरवर लावली आणि पुन्हा निम्मी गायब. हे दुखणं मात्र वेगळं. गुंजनाचा सूर खालचा, आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. बोलण्यातली व्यंजनं वरच्या पट्टीतली, म्हणून ती निभावतात. मॅडमच्या विद्यार्थिनी तर फोन चटईशेजारी ठेवूनच ऐकणार.

तोडगा मॅडमनीच काढला. नमुन्यापुरतं एकदाच, किंचित वरच्या सुरात गुंजन करायचं आणि मग सांगायचं, "आता आवाज तुमचा. मी थोडा वेळ गप्प बसते." हे सांगणं गरजेचं, नाहीतर शांतता आली की क्लिप अडकली समजून लोक डोळे उघडून स्क्रीन चाचपतात.

ती क्लिप व्हॉइस नोट म्हणून वर्गातल्या काही जणींना पाठवली. एकीचं उत्तर आलं, "मॅडम, लई गडबडीनं बोलालायसा." नातेवाइकांच्या लांबलचक नोट उरकायला तिनं दीडपट वेग लावून ठेवला होता, तोच इथंही लागला. त्या वेगात शब्दांबरोबर मधली शांतताही आखडते, म्हणजे श्वासाचं मापच चुकतं. म्हणून आकडे मोजणं काढून टाकलं. आता मॅडम म्हणतात, "वेग एकवर आणा. सावकाश पाच वेळा करा. माझी क्लिप संपली तरी चालेल."

दुसरीकडे ग्रुपवरची नोट संपताच पुढची आपोआप वाजली. डोळे मिटून बसलेल्या बाईच्या कानात कुणाचातरी "उद्या वर्ग आहे का?" शिरला. त्या ग्रुपवर आता फक्त अ‍ॅडमिनलाच बोलता येतं.

इन्स्टाग्राम नुसता आवाज घेत नाही, रीलला चित्र लागतंच. आवाज बंद ठेवून बघणारेही पुष्कळ, म्हणून मराठी ओळी मोठ्या अक्षरांत घातल्या. चित्र कसलं, यावर मात्र अडलं. कान अंगठ्यांनी कसे मिटायचे हे दाखवायला हवं होतं, आणि मॅडम फोटोला तयार नव्हत्या. शेवटी त्यांच्या सुनेनं पाठमोरी बसून कानांवर अंगठे ठेवले. मॅडम बाजूला उभं राहून तिची कोपरं नीट करत होत्या.