समोरासमोरची चकती

«तुमच्या फ्रिजवरची ती पुठ्ठ्याची चकती बघितली. अकरा वर्षांची मुलगी, बहात्तरीच्या सासूबाई आणि नोकरी करणारे तुम्ही दोघं, कामं मात्र सगळ्यांना आळीपाळीनं सारखीच. हे न्यायाचं कसं काय?»

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सारखीच नाहीत. चकतीवर तशी दिसतात, कारण खरी गोम कोण कोणाच्या समोर बसलंय यात आहे, आणि ती लांबून दिसत नाही.

आमची पहिली चकती सरळसोट होती. घरातली बारा कामं काढली, तीन-तीनचे चार वाटे केले, दर आठवड्याला वाटा फिरवायचा. ती तीन आठवड्यांत बंद पडली. एकाच्या वाट्याला बाटल्या भरणं, दिवे मालवणं आणि पेपर उचलणं. दुसऱ्याच्या वाट्याला बाथरूम घासणं, कपडे वाळत घालणं आणि ओटा. दोघांचीही कामं तीनच! लेकीनं पहिल्याच आठवड्यात हे ओळखलं आणि पेपर उचलायचा वाटा परत कधी येणार, हे विचारायला लागली.

म्हणून पुढचा एक आठवडा आम्ही काहीच वाटलं नाही, फक्त घड्याळ लावलं. ज्यानं जे केलं त्यानं फ्रिजवरच्या कागदावर मिनिटं लिहायची. आमच्याकडे भांडी आणि फरशी मावशी करतात, ते सोडून बाकीचं सगळं. आठवड्याचे भरले ३० तास. त्यातले १७ माझे, ६ नवऱ्याचे, ६ आईंचे (सासूबाईंना मी आईच म्हणते) आणि १ लेकीचा. १७ हा आकडा बघून मला आनंद झाला असं नाही, पण निदान माझ्या कुरकुरीला पुरावा मिळाला.

मग ठरवलं की तीसच्या तीस तास फिरवायचे नाहीत. सकाळच्या भाजी-पोळ्या माझ्याकडेच राहिल्या, कारण सव्वासातला डबा भरायचा असताना पोळी शिकवत बसायला वेळ नसतो. भाजी-किराणा, बिलं आणि आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचा स्वयंपाक नवऱ्याकडे. भाजी निवडणं आणि सायीपासून तुपापर्यंतचं सगळं आईंकडे. ही पक्की कामं १९ तासांची: माझे ९, नवऱ्याचे ७, आईंचे ३. उरले ११ तास, आणि चकतीवर फक्त हेच फिरतात. चार वाटे, प्रत्येकी पावणेतीन तासांच्या आसपास.

वाटे असे आहेत. पाण्या-दुधाचा वाटा म्हणजे पिण्याचं पाणी भरणं, बाटल्या आणि दोन वेळचं दूध तापवणं. कपड्यांचा वाटा म्हणजे आठवड्यातून चारदा मशीन लावणं, वाळत घालणं, घड्या. ओट्याच्या वाट्यात रात्री ताटं-पाणी घेणं, उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवणं आणि ओटा पुसणं येतं. चौथा कचऱ्याचा: ओला-सुका कचरा खाली नेणं, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी, धूळ झटकणं आणि दोन्ही बाथरूम घासणं. घड्याळानं मोजल्यावर चार वाट्यांत पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त फरक राहिला नाही. तो एवढा खाली आणायला मात्र धूळ ओट्याच्या वाट्यातून काढून कचऱ्याच्या वाट्यात टाकावी लागली.

आता वयाचं. आईंचे गुडघे दुखतात, उकिडवं बसणं बंद आहे आणि ओल्या कपड्यांची बादली उचलायची नाही. लेकीला मोठं माणूस स्वयंपाकघरात नसताना गॅस लावायची परवानगी नाही, आणि बाथरूमच्या ॲसिडला तिनं हात लावायचा नाही. म्हणजे चार वाट्यांपैकी प्रत्येकीला दोन तरी वाटे पूर्ण करता येत नाहीत. नेहमी लोक काय करतात? म्हाताऱ्या माणसाला आणि मुलांना हलका वाटा कायमचा देऊन टाकतात. मग चक्र फक्त दोघांत फिरतं, आणि मुलीला पुढची पाच वर्षं बाटल्याच भरायच्या असतात.

आम्ही वेगळं केलं, आणि चकतीतली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बाहेरच्या गोलावर वाटे या क्रमानं लिहिलेत: पाणी-दूध, कपडे, ओटा, कचरा. म्हणजे कपड्यांच्या समोर कचरा, पाण्या-दुधाच्या समोर ओटा. आतल्या गोलावर नावं, आणि तिथे आईंच्या समोर त्यांचा मुलगा, लेकीच्या समोर मी. मधे टाचणी. आतला गोल कितीही फिरवा, समोरचा माणूस समोरच राहतो. एकाला जे जमत नाही ते समोरच्याकडे जातं, आणि समोरच्याचं तेवढ्याच मिनिटांचं काम इकडे येतं.

एक आठवडा उदाहरण म्हणून घेऊ. आईंवर कचऱ्याचा वाटा आला. त्यांच्यासमोर नवरा, म्हणजे त्याच्यावर कपडे. बाथरूम दोन, प्रत्येकी अर्धा तास, मिळून ६० मिनिटं. ती नवऱ्याकडे गेली. कपड्यांच्या घड्या एका वेळच्या २० मिनिटांच्या. चारपैकी तीन वेळच्या घड्या आईंनी घेतल्या. त्याही ६० मिनिटं. पलंगावर बसून, रेडिओ लावून. नवरा उकिडवा बसतो, आई घड्या घालतात, आणि कोणी कोणावर उपकार करत नाही. दोन आठवड्यांनी उलटं होतं: आईंवर कपडे, त्याच्यावर कचरा. मशीन त्याच लावतात, पण वाळत घालणं (चार वेळा पंधरा-पंधरा मिनिटं) त्याच्याकडे, आणि त्याच्या कुंड्या आणि धूळ आईंकडे. हे मिळून ५० मिनिटंच होतात. दहा मिनिटं नवऱ्याला तोटा आहे, तो त्यानं सोसलाय. लेकीवर पाणी-दूध आलं की दूध मी तापवते आणि माझ्या ओट्याच्या वाट्यातली ताटं-पाणी नि झाकपाक ती करते. दोन्ही रोजची पंधरा मिनिटं.

वाटे दुसऱ्या क्रमानं लिहून बघितले तर हे जमत नाही. कपड्यांच्या समोर ओटा आला तर बाथरूमच्या बदल्यात आईंना पाणी भरलेली भांडी उचलायला लागतात. म्हणून क्रम ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: या वाट्यातलं जड काम सोडलं तर समोरच्या वाट्यात बसून करण्यासारखं काही आहे का?

एक चूक मात्र मिनिटांनी दाखवली नव्हती. दुधाबरोबर विरजणही मी फिरत्या वाट्यात टाकलं होतं. नवऱ्याच्या आठवड्यात दोनदा दूध उतू गेलं आणि दही तार धरायला लागलं. आई काही बोलल्या नाहीत, फक्त दुपारी फ्रिज उघडून उभ्या राहायच्या. मला वाटत होतं मी त्यांचं काम कमी करतेय. त्यांच्या दृष्टीनं चाळीस वर्षं सांभाळलेलं विरजण त्यांच्या हातून काढून घेतलं होतं. एके दिवशी एवढंच म्हणाल्या, «अगं, दूध कोणीही तापवा, विरजण माझ्याकडे दे.» दिलं. वर साय-तूप त्यांच्या पक्क्या कामांत आहे असं लिहिलंय ना, ते त्या दिवसापासून. वडीलधाऱ्यांची कामं वाटायला घेण्याआधी यातलं काय तुमच्याकडेच ठेवायचंय, हे विचारून घ्या. मी आधी विचारलं नव्हतं.

दुसरी भानगड बदलीच्या दिवसाची. सुरुवातीला आम्ही रविवारी संध्याकाळी चकती फिरवायचो. पण रविवारीच चादरी निघतात, पाहुणे येतात, गणवेश धुवायचे असतात. ज्याचा कपड्यांचा वाटा संपत असे, तो शनिवारपासूनच टाळाटाळ करायचा आणि नव्या माणसाला भरलेली टोपली मिळायची. (लेकीचं नाव घेतलं जातं, पण पहिल्यांदा हे मी केलं.) म्हणून बदली बुधवारी रात्री जेवणानंतर नेली. बुधवारी टोपलीत फार काही नसतं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक आख्खा रविवार येतोच.

काम झालं म्हणजे काय झालं, हेही चकतीमागे लिहावं लागलं. ओटा झाला म्हणजे शेगडीच्या जाळ्या उचलून खालचं पुसलेलं आणि सिंकची जाळी रिकामी. कचरा झाला म्हणजे डब्यात नवी पिशवी किंवा पेपर घातलेला. घडीचं मात्र काही लिहिलेलं नाही. लेक टी-शर्टाची गुंडाळी करते, आई चौकोनी घडी घालतात. लेकीच्या घड्या मी एकदा तिच्यादेखत मोडून परत घातल्या आणि पुढचे तीन दिवस कपडे पलंगावर पडून राहिले. आता गुंडाळीला गुंडाळी म्हणून कपाटात जागा आहे.

आठवण करून देणं हेही काम आहे आणि ते तीस तासांत मोजलेलं नव्हतं. ते सगळं माझ्याकडेच होतं. आता आठवण करून द्यायची नाही असा नियम आहे. सकाळी बाटली रिकामी असेल तर ज्याची बाटली आहे त्यानं वाटा ज्याच्याकडे आहे त्याला विचारायचं, मला नाही. पहिल्या महिन्यात नवऱ्यानं दोनदा ऑफिसला कोरडी बाटली नेली.

काही बिनसलं की मी दोन गोष्टी बघते. एकच काम चारही जणांच्या आठवड्यात राहत असेल तर वाटा चुकलाय. आमच्याकडे कुंड्यांचं तसं झालं, कारण झारी बाथरूममध्ये असायची आणि कुंड्या बाल्कनीत. झारी हलवली, प्रश्न मिटला. एकाच माणसाची चारही वाट्यांतली कामं राहत असतील तर माणसाकडे बघायचं. गेल्या वर्षी आईंचं असं व्हायला लागलं तेव्हा कळलं की त्यांना रात्री झोप लागत नव्हती.

बेरीज आता अशी आहे: मी पावणेबारा तास, नवरा पावणेदहा, आई पावणेसहा, लेक पावणेतीन. हे सारखं नाही आणि करायचंही नाही. लेकीला शाळा आणि क्लास आहे. तिला रोजची पंचवीस मिनिटंही पडत नाहीत, आणि एवढ्यानं अभ्यास बुडत नाही. आईंच्या हाताशी वेळ आहे पण दम नाही, म्हणून त्यांचं कुठलंही काम एका बैठकीत वीस मिनिटांच्या वर जाऊ देत नाही. माझ्यात आणि नवऱ्यात अजून दोन तासांचं अंतर आहे. ते सकाळच्या पोळ्यांचं आहे. तो रविवारी पोळ्या शिकतोय. सध्या तिसरी पोळी फुगते.

परीक्षेच्या आठवड्यात लेकीचा वाटा मी उसना घेते आणि चिठ्ठी फ्रिजला लावते. ती मे महिन्याच्या सुट्टीत फेडते. कामाचे पैसे तिला देत नाही. एकदा मागितले होते, तेव्हा आजीनं विचारलं, «मग मी घड्यांचं बिल कोणाला लावू?» दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात चकती बंद, कारण फराळ आणि जळमटं यांच्यासमोर तिचा टिकाव लागत नाही.

नावं पेनानं लिहिलीत, पण कोणाला काय जमत नाही ते पेन्सिलीनं. दर जूनला शाळा उघडली की ते खोडून नवं लिहितो. या जूनला लेकीच्या नावापुढचा गॅस खोडायचाय. आईंचा उजवा खांदा दुखायला लागलाय, त्यामुळे झारी त्यांच्याकडे ठेवायची की नाही हे अजून ठरलेलं नाही.