‘मेल उघडू नका!!’ची सूचना होताना

मंगळवार, रात्र

सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर नुसता गोंधळ. ‘पगाराचा मेल उघडू नका, व्हायरस आहे!!’ ‘सगळ्यांची अकाउंट हॅक झालीत.’ ‘मी डिलीट केला, तुम्हीही करा.’ एकाने तर सगळ्यांना ओळखता यावी म्हणून ती लिंकच पेस्ट केली होती. ती आधी काढायला लावली. तळमळ प्रत्येकाची खरी होती, पण नेमकं करायचं काय, हे कुठल्याच मेसेजमधून कळत नव्हतं.

सूचना लिहायला बसण्याआधी मूळ मेल अटॅचमेंट म्हणून मागवला. साधा फॉरवर्ड केला की तो कुठल्या सर्व्हरवरून आला याची मूळ नोंद हाती येत नाही, आणि डिलीट केला तर काहीच उरत नाही. पाठवणाऱ्याचं नाव ‘पगार विभाग’, पत्ता मात्र `payroll@example.net`. आमचे पत्ते `example.com` वर संपतात (दोन्ही इथे बदलून लिहिलेत). फाइल जोडलेली नव्हती. लिंक लॉगिनच्या बनावट पानावर नेत होती. म्हणजे डोळा होता तो पासवर्डवर. हॅक झाल्याचा पुरावा कुठेच नव्हता, म्हणून ते वाक्य सूचनेत घेतलं नाही.

शेवटी मजकूर असा झाला:

‘पगार तपशिलाची पडताळणी करा, असे सांगणारा बनावट मेल आज काही कर्मचाऱ्यांना आला आहे. तो कंपनीने पाठवलेला नाही. मेल फक्त वाचला असल्यास हेल्पडेस्कला कळवून डिलीट करावा. लिंक उघडली, पण काही भरले नाही, तरी कळवावे. पासवर्ड भरला असल्यास लगेच फोन करावा. नेहमीच्या डिरेक्टरीतला नंबर वापरावा. कळवणाऱ्यास जाब विचारला जाणार नाही.’

या शेवटच्या वाक्यासाठी मी साहेबांकडे अडून बसले. बोलणी बसतील या धास्तीने माणूस गप्प राहतो, आणि तेवढा वेळ चोराच्या पदरात पडतो.

विषयात ‘अतितातडीचे’ घातलं नाही, मजकुरात लिंक दिली नाही, फोन नंबरसुद्धा नाही. ‘नेहमीच्या डिरेक्टरीतला नंबर वापरावा’ एवढंच लिहिलं. घाई करणारा, लिंक देणारा मेल आम्हीच पाठवला असता, तर खरा कुठला आणि खोटा कुठला, हे लोकांनी कसं ओळखायचं?

दुपारी अकाउंट्समधल्या एका ताईंचा फोन आला. पासवर्ड भरला होता, आवाज कापत होता. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण आधीच लॉगिन झालेला माणूस आत राहू शकतो. म्हणून हेल्पडेस्कने त्यांची सगळी सेशन्स बंद केली आणि मेलबॉक्सचे नियम तपासले. ‘बिल’ शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवणारा एक नियम तिथे सापडला. तो काढला, आणि त्या नियमाने काही बाहेर गेलंय का, याची नोंद तपासायला घेतली. ते काम अजून चालू आहे. ताईंचं नाव न घेता सगळ्यांना दुसरी छोटी सूचना उद्या सकाळी जाईल.