तपासणाऱ्याचा रकाना

एक तास संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या वेळात वर्गासमोर बोलायला उभं राहणं म्हणजे जिवावरचं काम. निम्मा वर्ग दाराकडे सरकलेला असतो, उरलेल्याचं डोकं मोबाइलमध्ये. पण आमच्या सीआरनं, म्हणजे वर्गप्रतिनिधीनं, तेवढ्यात जे मांडलं ते ऐकण्यासारखं होतं. सगळ्यांसाठी नोट्सचं एक फोल्डर करायचं. प्रत्येक प्रकरणाचा सारांश एकानं लिहायचा, तो आधी 'कच्चे'मध्ये जाणार. दुसऱ्यानं तपासला की मगच 'तपासलेले'मध्ये.

फोल्डरचं कुणाला काही वाटलं नाही. परीक्षेच्या तोंडावर कुणाच्या तरी वहीचे वाकडेतिकडे फोटो फिरतातच. वही कुणाची, ते खरं की खोटं, हे विचारायच्या मनःस्थितीत तेव्हा कुणी नसतं. नवा होता तो तपासणारा. "वाचून 'मस्त आहे' असं लिहिलंत तर ते तपासणं नाही," असं म्हणून तिनं फळ्यावर एका सारांशातली ओळ लिहिली : 'दोन वस्तूंची टक्कर होते तेव्हा त्यांचा एकूण संवेग आणि एकूण गतिज ऊर्जा अक्षय्य राहते.'

"काय चुकलंय?"

कुणी बोललं नाही. ओळ कशी अगदी पुस्तकातली वाटत होती.

मग तिनं गणित घातलं. 2 किलोची वस्तू सेकंदाला 3 मीटर वेगानं येऊन 1 किलोच्या स्थिर वस्तूवर आदळते आणि तिला चिकटते. पुढे दोघी किती वेगानं जातील? संवेगाच्या, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाच्या, हिशेबानं आधीचे 6 भागिले आता झालेलं 3 किलो, म्हणजे सेकंदाला 2 मीटर. आता त्याच ओळीतल्या गतिज ऊर्जेनं तेच काढा. आधीची ऊर्जा 9 ज्यूल. ती जशीच्या तशी राहिली असं धरलं तर वेग येतो सुमारे 2.45 मीटर. एकाच ओळीतून दोन वेग! खरा वेग 2 मीटरच. धडकेनंतर गतिज ऊर्जा 6 ज्यूलच उरते, बाकीची 3 उष्णता, आवाज आणि वस्तूंचा आकार बदलण्यात जाते. ऊर्जेबद्दलचं ते विधान फक्त पूर्ण स्थितिस्थापक टकरीला लागू पडतं. सारांश लिहिणाऱ्यानं तेवढाच शब्द गाळला होता. (संवेगालासुद्धा अट आहे, बाहेरचं बल नसण्याची. तीही गाळली होती, पण वेळ संपत आली होती.)

मला यातलं पटलं ते हे की सारांशात सर्वांत आधी अटींचा बळी जातो. 'फक्त', 'जर', 'तोवर' हे शब्द जागा खातात आणि वाक्याचा तोरा घालवतात, म्हणून कापणाऱ्याचा हात पहिला त्यांच्यावर पडतो. आणि चुकीचा शब्द डोळ्यांना खुपतो तसा नसलेला शब्द खुपत नाही. म्हणून तिचा नियम असा होता : तपासणाऱ्यानं सारांश उघडायचाच नाही, आधी पुस्तकातलं प्रकरण वाचून त्यातल्या अटी कागदावर उतरवायच्या. मग सारांश उघडून त्या एकेक शोधायच्या. शेवटी फक्त सारांशाच्या आधारानं पुस्तकातलं एक गणित सोडवायचं. अडलं किंवा उत्तर चुकलं, तर भोक कुठे आहे ते कळतं.

जोड्यांचंही तिनं ठरवून टाकलं होतं. मी तुझं तपासतो, तू माझं तपास, असं चालणार नाही. पहिल्याचं दुसऱ्यानं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं, अशी साखळी. अदलाबदलीत 'तू माझं सोड, मी तुझं सोडतो' व्हायला वेळ लागत नाही, हे तिनं सांगायची गरज नव्हती. मागच्या बाकांवर हसू फुटलंच.

एका नियमावर मात्र कुरकुर झाली. तपासणाऱ्यानं चूक स्वतः दुरुस्त करायची नाही. शेजारी कॉमेंट टाकायची, पुस्तकाचा पान क्रमांक द्यायचा. दुरुस्ती मूळ लिहिणाऱ्यानंच करायची. "एक शब्द बदलायला एवढी यातायात?" असा प्रश्न आला. मला तर हाच नियम सगळ्यात शहाणा वाटतो. तपासणाऱ्यानं परस्पर बदललं, की तो नवा शब्द एकाच माणसानं पाहिलेला उरतो, आणि फाइल मात्र 'तपासलेले'मध्ये बसते.

"आणि दोघांनाही कळलं नाही तर?" कुणीतरी विचारलं. दोघांचीही समजूत एकाच चुकीच्या गाइडवरून झाली असेल तर दुसरी नजर काही कामाची नाही, हे तिनं सरळ मान्य केलं. म्हणून पडताळा पुस्तकावरूनच घ्यायचा, गाइडवरून नाही. आणि दोघांचं जुळलं नाही तर फाइल 'कच्चे'मध्येच ठेवून सरांना विचारायचं.

नावांचा कागद फिरला. 'लिहिणारा' हा रकाना बघता बघता भरला, 'तपासणारा' जवळजवळ कोराच. साहजिक आहे, लिहिलेलं मिरवता येतं, तपासलेलं कोण बघतो? तिनं कागद परत घेतला, उभी रेघ खोडली आणि वर लिहिलं : एक प्रकरण लिहायला घेईल त्यानं एक तपासायलाही घ्यायचं, फाइलच्या नावात दोघांचीही नावं येतील. मग तोच कागद पुन्हा पहिल्या बाकावर ठेवला.