तापानंतर लांबलेली पाळी

आज देवगडजवळच्या आमच्या उपकेंद्रात एक ताई आल्या. पाळी आठ दिवस लांबलेली. दाराआड येऊन हळूच विचारलं, "सिस्टर, माका दिवस तर नाय ना गेले?" लघवीची तपासणी केली, निगेटिव्ह आली. तरी चेहऱ्यावरची काळजी जाईना.

मग कॅलेंडर काढून बसलो. त्यांची पाळी एरवी अठ्ठावीस दिवसांनी येते, म्हणजे बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटतं. यावेळी नेमक्या दहाव्या दिवशी जोराचा ताप भरला, आठवडाभर पेजेवर होत्या. अशा आजारात, किंवा मोठ्या ताणात, मेंदूकडून अंडाशयाला जाणारा हार्मोन्सचा संदेश मंदावतो आणि बीज सुटणंच पुढे ढकललं जातं. बीज सुटल्यावर मात्र पाळी साधारण दोन आठवड्यांनी येतेच. बीज दहा दिवस उशिरा सुटलं, तर पाळीही तेवढीच उशिरा. हाच ताप विसाव्या दिवशी आला असता, तर पाळी बहुधा वेळेवर आली असती.

बीज उशिरा सुटलं असेल तर तपासणीही लवकर केलेली ठरू शकते. म्हणून आठवड्याने पुन्हा करायला सांगितलं. हे बायकांना कुणी सांगतच नाही, त्याचं फार वाईट वाटतं.

तपासणी निगेटिव्ह असूनही तीन महिने पाळी आली नाही, तर ताप-ताणावर ढकलू नका. डॉक्टरांकडे जा, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी करावी लागते. पोटात एका बाजूला जोराचं दुखत असेल, तर त्याच दिवशी.