स्नेहसंमेलनाची बातमी साठ शब्दांत बसवताना

दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनात बातमी येते. ५ गुण, शब्दमर्यादा ५० ते ६०. स्नेहसंमेलन हा विषय नेहमीचा, म्हणून सोपा वाटतो. माझी अडचण मात्र तिथेच झाली, कारण कार्यक्रमात घडतं खूप आणि लिहायचं असतं थोडं.

सरावाच्या पहिल्या कच्च्या लेखनाचं सुरुवातीचं वाक्य असं होतं : ‘दरवर्षीप्रमाणे यंदाही आमच्या शाळेत वार्षिक स्नेहसंमेलन मोठ्या उत्साहात व आनंदाच्या वातावरणात साजरे करण्यात आले.’ शब्द मोजले, १४ भरले. म्हणजे जवळपास पाव मर्यादा संपली, तरी कोणती शाळा, कधी, कुठे हे वाचणाऱ्याला कळलेलंच नाही. शिवाय शाळेला ‘आमच्या’ म्हणणं बातमीत चालत नाही. बातमी वार्ताहर लिहितो, विद्यार्थी नव्हे. त्यामुळे ‘मी’, ‘आम्ही’, ‘आमचे लाडके सर’ हे सगळं खोडावं लागतं. निबंधाची सवय लागलेल्या हाताला हे जड जातं.

मग तेच वाक्य पुन्हा लिहिलं : ‘येथील अ.ब.क. विद्यालयाचे वार्षिक स्नेहसंमेलन शनिवारी (ता. २०) सायंकाळी पाच वाजता शाळेच्या पटांगणात झाले.’ हेही १४ शब्दांचंच, पण काय, कोणाचं, कधी, कुठे ही चारही उत्तरं त्यात आली. यालाच शिरोभाग म्हणतात. तो जमला की उरलेली बातमी सरळ पुढे जाते. शाळेचं नाव प्रश्नात दिलेलं नसेल तर स्वतःच्या शाळेचं लिहू नये, कारण उत्तरपत्रिकेवर ओळख उघड होता कामा नये, अ.ब.क. लिहिलं की भागतं.

पूर्ण बातमी शेवटी अशी झाली :

अ.ब.क. विद्यालयात स्नेहसंमेलन रंगले

सिन्नर, ता. २१ डिसेंबर : आमच्या वार्ताहराकडून

येथील अ.ब.क. विद्यालयाचे वार्षिक स्नेहसंमेलन शनिवारी (ता. २०) सायंकाळी पाच वाजता शाळेच्या पटांगणात झाले. गटशिक्षणाधिकारी प्रमुख पाहुण्या होत्या. दीपप्रज्वलनानंतर मुख्याध्यापकांनी अहवाल वाचला. पाहुण्यांच्या हस्ते ४२ गुणवंतांना पारितोषिके देण्यात आली. पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांच्या कोळीनृत्याला व भारुडाला पालकांनी भरभरून दाद दिली. विद्यार्थी प्रतिनिधीने आभार मानले. राष्ट्रगीताने कार्यक्रमाची सांगता झाली.

मथळा आणि तारखेची ओळ धरून हे ५८ शब्द होतात. मी मुद्दाम सगळं धरूनच मोजते, म्हणजे तपासणाऱ्याने कसंही मोजलं तरी मर्यादा ओलांडली जात नाही.

यात तारखेची चूक सर्वांत जास्त होते. कार्यक्रम २० तारखेला झाला, बातमी २१ची आहे. दोन्हीकडे एकच तारीख घातली की संध्याकाळचा कार्यक्रम त्याच दिवशीच्या अंकात छापल्यासारखा दिसतो. दुसरी चूक काळाची. प्रश्नात कधीकधी कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका दिलेली असते आणि मुलं ‘स्नेहसंमेलन आयोजित करण्यात येणार आहे’ असं लिहून मोकळी होतात. ती सूचना झाली. पत्रिकेवरचा कार्यक्रम पार पडला असं धरून सगळी क्रियापदं भूतकाळात न्यावी लागतात.

काय गाळायचं यावर मला सर्वांत जास्त वेळ लागला. स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, सूत्रसंचालन हे प्रत्येक संमेलनात असतंच, म्हणून ते आधी काढलं. ४२ हा आकडा मात्र ठेवला. ‘अनेक विद्यार्थ्यांना’ लिहिलं तर बातमी कुठल्याही शाळेची, कुठल्याही वर्षीची होते. तसंच ‘विविध गुणदर्शन’ हा शब्द टाळून कोळीनृत्य आणि भारूड अशी नावंच घातली. पाहुण्यांच्या भाषणातलं एखादं वाक्य घालायचा मोह होतो, पण साठ शब्दांत ते परवडत नाही. घालायचंच असेल तर आभाराचं वाक्य काढून तिथे घालावं.

शुद्धलेखन शेवटी वेगळं तपासते. ‘दीपप्रज्वलन’मध्ये एकच ज लागतो, ‘प्रज्ज्वलन’ नाही. ‘भारूड’मधला रू दीर्घ, पण ‘भारुडाला’ होताना ऱ्हस्व होतो. ‘पारितोषिक’मध्ये रि आणि षि दोन्ही ऱ्हस्व.

बारावीला याच संमेलनाचा अहवाल विचारला तर हा साचा तसाच उचलू नये. अहवाल संस्थेच्या दप्तरी राहणारी नोंद असते. त्यात स्वागतापासून आभारापर्यंतचा क्रम पाळावा लागतो, इथे गाळलेली स्वागतगीतं आणि पाहुण्यांचा परिचय तिथे परत येतात, आणि ‘आमच्या वार्ताहराकडून’च्या जागी शेवटी सचिव व अध्यक्षांच्या स्वाक्षरीची जागा सोडायची असते.