कंट्रोलर तिच्या हातात यायला दोन संध्याकाळी लागल्या

मी शाळेपासून गेम खेळतोय, बायकोने कंट्रोलर कधी धरलाच नव्हता. नागपुरातल्या मे महिन्यात कूलरसमोरून उठवत नाही, म्हणून एका दुपारी दोघांनी मिळून खेळायचं ठरवलं. पळापळीचा गेम लावला आणि दहा मिनिटांत तिने कंट्रोलर खाली ठेवला. एका स्टिकने चालायचं, दुसरीने मान वळवायची. तिचं पात्र सारखं भिंतीला नाक लावून उभं. माझे अंगठे हे कधीचे शिकलेत, म्हणून तिची अडचण मला दिसलीच नाही.

मग 'Keep Talking and Nobody Explodes' घेतला. यात एकाला स्क्रीनवर बॉम्ब दिसतो, दुसऱ्याकडे फक्त मॅन्युअल असतं. एकमेकांचं बघायचं नाही, बोलूनच सोडवायचं. मॅन्युअल फुकट मिळतं, 23 पानं. झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं आणि पहिल्या संध्याकाळी तिच्या हातात दिलं.

पहिल्या बॉम्बवर चार तारा होत्या: लाल, निळी, लाल, पिवळी. ती म्हणाली, "एकापेक्षा जास्त लाल आहेत ना? मग शेवटची लाल काप." कापली आणि चूक पडली. चूक झाली की घड्याळ जोरात पळायला लागतं. नंतर दोघांनी ते पान पाहिलं. त्या नियमात पुढे अटही होती, सीरियल नंबरचा शेवटचा अंक विषम हवा. आमचा 4 होता. मग खालचे नियम क्रमाने बघायचे: शेवटची पिवळी आहे, पण लाल तारा असल्याने तो नियम लागत नाही, निळी एकच आहे, म्हणून पहिली तार कापायची. तिथून तिने अख्खं वाक्य वाचल्याशिवाय "काप" म्हटलं नाही आणि मलाच दरडावू लागली, "अरे बापा, आधी सीरियल नंबर सांग ना!"

दुसऱ्या संध्याकाळी अदलाबदल केली. इथे बॉम्ब जागचा हलत नाही. उचलायचा, स्टिकने फिरवायचा, हवा तो भाग निवडायचा. चालणं नाही, कॅमेरा नाही. नवख्या हाताला हेच झेपतं. मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या: कंट्रोलरला हात लावायचा नाही आणि नियम पाठ असले तरी पानावरूनच वाचायचे, कारण माझ्या घाईत तिचा प्रश्न राहून जायचा.

चिन्हांच्या चार बटणांपाशी ती थांबली. "एक त्रिशूल आहे. एक हसरं तोंड. उलटा पी, दोन काठ्यांचा. आणि भरलेली चांदणी." चारही चिन्हं ज्या एका रकान्यात सापडतात, त्यात वरून खाली दाबत जायचं. मी रकाना शोधला. तिने सांगितलेला क्रमच बरोबर होता. तिने एकेक बटण सावकाश दाबलं, चौथ्याला हिरवा दिवा लागला.

"आता पुढचा," ती म्हणाली. कंट्रोलर तिने सोडला नाही.